शून्य ओळींचे अकरा दिवस

"नेट गेलं तर मेल कसा येईल गं?" मास्तरांनी विचारलं होतं.

मी हसले होते. मांडीवर तीन महिन्यांची चिमणी, एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हाताने टाइप करणं चाललेलं. म्हटलं, "मास्तर, नेट गेलं तर आमच्या ताई इतक्या जोरात ओरडतील, की मेलची गरजच पडणार नाही."

मास्तर म्हणजे माझ्या जुन्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ. कोणाला कधी शिकवायला गेले नाहीत, तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत, कारण ते कोणाचंही काम बघताना आधी चष्मा काढून पुसत. त्या दिवशी व्हिडिओ कॉलवरही त्यांनी चष्मा पुसला.

"हसू नकोस. तुझी स्क्रिप्ट धडपडली, आपटली, तर ती बोंब मारील. ते तू लिहिलंयस, बरं केलंयस. पण ती न आपटता रिकाम्या हाताने परत आली तर? म्हणेल, गेले होते, काही नव्हतं. तिचं काय करशील? म्हणून सांगतो, काही नसलं तरी रोज एक मेल येऊ दे. आज इतक्या नोंदी पाहिल्या, एवढं लिहून. ज्या दिवशी तो मेल येणार नाही, किंवा आकडा विचित्र दिसेल, त्या दिवशी घाबर. बाकी दिवस खुशाल झोप."

"झोप? मास्तर, तुम्ही लहान मूल पाहिलंय का कधी?"

ते हसले. विषय तिथेच राहिला.

काय स्क्रिप्ट, कशाची, ते सांगते. माझी नणंद औषधांचं दुकान चालवते. तिला मी ताई म्हणते. दुकानातलं एखादं औषध सदोष निघालं, की सरकारी औषध खातं त्याची एक यादी वेबसाइटवर लावतं: औषधाचं नाव, बॅच नंबर, काय दोष, कधीपासून परत मागवलं. पुरवठादाराचं पत्रही येतं, पण ते यायला कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. ताई रोज सकाळी चष्मा कपाळावर ढकलून ती यादी फोनवर वाचायच्या आणि रोज म्हणायच्या, "एक दिवस माझ्या नजरेतून सुटणार आहे बघ."

मी बाळंतपणानंतर नोकरी सोडलेली. डोक्याला गंज चढतोय असं वाटत होतं. म्हटलं, ताई, हे मशीनला करू दे.

दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या चळतीमागे एक जुना कॉम्प्युटर कायम चालू ठेवला. त्यावर मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिला. ती त्या पानावर जायची, तक्त्याच्या एकेक ओळीतून बॅच नंबर खरवडून आणायची, आणि बिलिंगच्या कॉम्प्युटरवरून आदल्या संध्याकाळी आलेल्या मालाच्या यादीशी ताडून बघायची. एखादा नंबर जुळला, की ताईंना आणि मला मेल. पान उघडलं नाही किंवा मध्येच काही बिघडलं, तर मला मेल. आणि जे झालं त्याची एक ओळ लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीसारख्या एका फाइलमध्ये.

ती रोज चालवायचं काम क्रॉनचं. क्रॉन हा त्या मशीनमधलाच एक प्रोग्राम. त्याला वेळ सांगून ठेवायची आणि काम सांगून ठेवायचं. मी सांगितलं होतं, रोज सकाळी सव्वासहा. घड्याळात सव्वासहा झाले की तो काम सुरू करून देणार. काम नीट झालं की नाही, त्यातून काय निघालं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मास्तर म्हणायचे, "क्रॉन हा अत्यंत वक्तशीर आणि अत्यंत निर्विकार माणूस आहे. असा जावई मिळाला तर पोरगी देऊ नये."

पहिले काही महिने मास्तरांचं ऐकलं. रोज सव्वासहाला मेल यायचा: आज बेचाळीस नोंदी पाहिल्या, जुळलेल्या शून्य. मेल आला की फोन टुणकन वाजायचा. आणि फोन वाजला की चिमणी उठायची.

ती साडेपाचपर्यंत कुरकुरून नुकती झोपलेली असायची. मीही. त्या टुणकन आवाजासरशी पाळण्यातून आधी एक पाय वर यायचा, मग सूर. फोन मूक करून झोपणं मला जमत नाही. नवरा पहाटेच्या पाळीला गेलेला असतो, आई एकटी असते, कोणाला काही झालं आणि मला कळलंच नाही तर, हे माझ्या डोक्यात अखंड चालू असतं. नुसत्या मेलचा आवाज बंद करता आला असता. तेवढं सुचण्याइतकी झोप माझी त्या दिवसांत होत नव्हती. मी उठले, लॅपटॉप उघडला, आणि 'सगळं ठीक' असा मेल पाठवणाऱ्या ओळीच्या आधी एक खूण टाकली, म्हणजे ती ओळ वगळली जाईल. एका बोटाचं काम.

दुसऱ्या दिवशी चिमणी पावणेआठपर्यंत झोपली. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, मी किती हुशार आहे."

मध्ये एकदा औषध खात्याची वेबसाइट बंद होती. त्या सकाळी लगेच मेल आला: पान उघडलं नाही. मला फार बरं वाटलं. म्हटलं, बघा, बोंब मारते ना ती वेळेवर. मग मी तिकडे बघणंच सोडलं.

त्या मंगळवारी ताईंचा फोन आला. "अगं, तुझं ते खोकं घरघर करतंय. गिऱ्हाईक विचारतंय, आत गिरणी टाकलीत का."

"पंख्यात धूळ गेली असेल. येते मी."

चिमणीला कडेवर घेतलं आणि गेले. दहा-साडेदहाची वेळ. ताई काउंटरवर एका आजींना गोळ्या कशा घ्यायच्या ते तिसऱ्यांदा समजावत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलीस? आधी मला ती दे, मग काय ते बघ." पण चिमणीने त्यांच्याकडे जायला साफ नकार दिला, तेव्हा, "आईसारखीच आहे, कामाच्या वेळी अडून बसते," असं म्हणून पुन्हा आजींकडे वळल्या.

मागच्या खोलीत जाऊन मी पंख्याची जाळी काढली, ब्रशने धूळ झटकली. घरघर थांबली. आता आलेच आहे तर बघून घेऊ, बंद-चालू करताना काही अडकलं तर नाही ना, म्हणून लॉग उघडला. चिमणी कीबोर्डवर हात मारत होती, तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात धरून मी शेवटच्या ओळी वाचल्या.

सव्वासहा. नोंदी शून्य. जुळलेल्या शून्य.

वरची ओळ. आदला दिवस, सव्वासहा. नोंदी शून्य. जुळलेल्या शून्य.

त्याच्या वरची. तेच.

मला एक क्षण वाटलं, मी चुकीची फाइल उघडली आहे. मग वाटलं, यादीत खरंच काही नसेल. पण तीन-तीन महिन्यांच्या नोंदी असलेली यादी एका रात्रीत रिकामी कशी होईल? मी वर सरकत गेले. शून्य, शून्य, शून्य. अकरा ओळी. बाराव्या ओळीवर आकडा होता बेचाळीस.

 

मी ब्राउझरमध्ये ते पान उघडलं. पान छान होतं. नवीन होतं. पूर्वी एक साधा तक्ता असायचा, आता प्रत्येक औषधाचा वेगळा चौकोन, वर रंगीत पट्टी, खाली 'अधिक माहिती'चं बटण. पत्ता तोच ठेवलेला, म्हणून पान उघडत होतं. पान उघडत होतं, म्हणून माझ्या स्क्रिप्टला कसली तक्रार नव्हती. ती रोज जायची, तक्त्याच्या ओळी शोधायची, तक्ताच नाही म्हणून एकही ओळ मिळायची नाही, शून्य ओळी मालाच्या यादीशी ताडून बघायची, आणि लिहायची: जुळलेल्या शून्य. यात चूक अशी कुठे झालीच नाही. चूक झाली नाही म्हणून मेल नाही.

अकरा दिवस आम्ही दोघी त्या गप्प राहण्याला 'सगळं ठीक' समजत होतो.

"ताई," मी हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं ऐकू गेला नसेल.

"काय गं?"

"दोन मिनिटं थांबा. कोणाला काही विकू नका."

"कोणाला काही विकू नका? दुकान आहे हे!"

"ताई, थांबा म्हणते ना!"

मी त्यांच्याशी अशी कधीच बोलत नाही. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग चिमणीला माझ्या कडेवरून उचललं. ती रडली. रडू दिलं.

मी स्क्रिप्टमधली ओळ बदलली, तक्त्याऐवजी त्या चौकोनांतून बॅच नंबर घ्यायला सांगितलं. दोन वेळा चुकलं. एकदा कंसच बंद करायला विसरले. मग हाताने चालवली. नोंदी चव्वेचाळीस.

जुळलेल्या एक.

लहान मुलांचं सर्दीचं सिरप. त्यातलं औषध बाटलीत नीट मिसळलं गेलेलं नाही, काही बाटल्यांत लेबलवर लिहिल्यापेक्षा दुपटीहून जास्त तीव्र, असा दोष. लहान मुलांत जास्त गुंगी आणि श्वास मंदावण्याची शक्यता. आठ दिवसांपूर्वी परत मागवलेलं.

ताईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं. काउंटरमागच्या कपाटाकडे गेल्या, त्या बॅचच्या बाटल्या काढून एका पिशवीत भरल्या, पिशवीला गाठ मारली. मग बिलिंगच्या कॉम्प्युटरवर बसल्या, बॅच नंबर घातला.

"किती?" मी विचारलं.

"सहा. गेल्या आठ दिवसांत सहा. त्याआधी हा माल उघडलाच नव्हता."

म्हणजे सहाच्या सहा बाटल्या यादी लागल्यावर विकल्या गेल्या होत्या. माझ्या स्क्रिप्टने आठ दिवसांपूर्वी नुसतं तोंड उघडलं असतं, तर त्यातली एकही या दारातून बाहेर पडली नसती.

मला एकदम आठवलं, आमच्या घरीही तेच सिरप आहे. चिमणीला गेल्या आठवड्यात सर्दी झाली होती. मी नवऱ्याला फोन लावला. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती, तो नुकता घरी आला होता.

"फ्रिजवरच्या डब्यात गुलाबी झाकणाची बाटली आहे. तिच्यावरचा बॅच नंबर वाच. आत्ता."

"झालंय काय?"

"वाच रे!"

त्याने वाचला. शेवटचे आकडे चारशे सोळा. यादीतली बॅच चारशे सतरा. मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना तो म्हणाला, "अगं सोळाच आहे, चार, एक, सहा, काय झालंय तुला?" मी खुर्चीत बसले. माझी मुलगी सुटली होती, आणि मला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाची मला लाजच वाटली. सहा बाटल्या बाहेर होत्या.

ताईंनी फोन लावायला सुरुवात केली. पाच बिलांवर नंबर होते. फोनवर ताईंचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "घाबरू नका, पण ते सिरप देऊ नका. बाळ कसं आहे? खेळतंय ना?"

पहिल्या घरी बाटली उघडलीच नव्हती. दुसऱ्या घरी दोन दिवस देऊन बंद केलेली, मुलगी शाळेत गेली होती. तिसऱ्या घरी फोन उचलला नाही, मग ताईंनीच पुन्हा लावला, मग पुन्हा. चौथ्यांदा एका बाईने उचलून, "अहो, मी अंघोळीला गेले होते, काय आग लागलीय का," असं विचारलं. तिच्याकडेही मुलगा ठीक होता. चौथ्या घरचं बाळ आजोळी गेलेलं, बाटली इथेच राहिलेली.

पाचव्या फोनवर एक आई होती. माझ्याच वयाची असावी, आवाजावरून.

"कसं आहे बाळ?" ताईंनी विचारलं.

"छान आहे हो! दोन दिवस इतकं गाढ झोपतंय ना, मी म्हटलं, देव पावला. आत्तापण झोपलंय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कशासाठी ते मलाही कळलं नाही.

"उठवा त्याला," ताई म्हणाल्या. "आत्ता, मी फोनवर आहे. उठवून सांगा मला."

पलीकडे पावलं वाजली. एक नाव, लाडाचं, दोनदा, तीनदा. मग तेच नाव, पण लाड नाही. मी ओढणीचं टोक दातात धरलं होतं. चिमणी ताईंच्या खांद्यावर बोटं चोखत होती. मला तिला ओढून घ्यावंसं वाटत होतं आणि माझा हात उचलत नव्हता.

"उठतोय, पण डोळे मिटतोय परत. असं कसं? अहो, असं का करतोय हा?"

"बाटली हातात घ्या, बाळाला घ्या, डॉक्टरांकडे निघा. जवळचं हॉस्पिटल. कोण आहे घरी? शेजारी कोणी आहे? दार वाजवा त्यांचं. मी डॉक्टरांना फोन करून ठेवते, नाव सांगा फक्त."

ती निघाली. ताईंनी हॉस्पिटलला फोन करून औषधाचं नाव, बॅच, दोष, सगळं सांगितलं. दुपारी तीन वाजेपर्यंत काही कळलं नाही. त्या चार तासांत दुकानात कोण आलं, कोण गेलं, मला आठवत नाही. ताई मला म्हणाल्या, "बसून राहू नकोस. उद्या सकाळी ते तुझं पुन्हा चालणार ना? ते नीट कर."

मी केलं. सगळ्यात आधी, नोंदी वीसहून कमी आल्या तर ती चूकच धरायची, आणि बोंब मारायची. रोजचा मेल पुन्हा सुरू. पण एकाच मेलवर आता माझा विश्वास उरला नव्हता. म्हटलं, स्क्रिप्टच कोसळली आणि तिला मेलही पाठवता आला नाही, तर निदान क्रॉनने तरी सांगावं. क्रॉनला तशी सोय आहे. कामातून काही मजकूर बाहेर पडला, की तो दिलेल्या पत्त्यावर मेल करतो. पत्त्याची ती ओळ मी पहिल्या दिवशीच घालून ठेवली होती. आजवर सगळा मजकूर लॉगमध्ये वळवला होता, म्हणून क्रॉनकडे पाठवायला काही उरत नव्हतं, एवढंच. मी चुकांचा मजकूर लॉगमधून मोकळा केला, मुद्दाम स्क्रिप्ट मोडली, क्रॉनला दोन मिनिटांनंतरची वेळ दिली, आणि फोन हातात घेऊन बसले.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. मेल नाही.

मशीनची स्वतःची नोंदवही उघडली. तिथे, क्रॉनच्या नावाने, एक ओळ होती: या मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्रामच नाही, मजकूर टाकून देत आहे.

टाकून देत आहे. कोणाला काही न सांगता. स्क्रिप्ट तिचे मेल थेट माझ्या मेलच्या खात्यातून पाठवायची, त्यामुळे हे कधी उघड झालंच नव्हतं. म्हणजे ती पत्त्याची ओळ सात महिने नुसती शोभेला होती. दारावर बेल लावायची आणि आत तारच जोडायची नाही, तसं. मी कधी ती बेल दाबून बघितलीच नव्हती.

मी मास्तरांना फोन लावला. पूर्ण सांगितलं, मध्ये रडले. ते एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाले नाहीत. त्यापेक्षा म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"आता ऐक," ते म्हणाले. "मेल पाठवणारा प्रोग्राम घाल. मग मुद्दाम मोडून बघ, मेल आला की मगच पुढे जा. आणि एक पहारा त्या मशीनच्या बाहेर ठेव. स्क्रिप्टने शेवटची ओळ पूर्ण केली, आणि आकडा ठीक असला, तरच बाहेरच्या एका सेवेला हाक द्यायची. सात वाजेपर्यंत हाक आली नाही, तर ती सेवा तुला मेल करील. मग नेट जाऊ दे, वीज जाऊ दे, ते खोकं जळून जाऊ दे, तुला कळेल."

"आणि त्या बाळाचं?"

"ते आता डॉक्टर बघतील, बाळा."

मला बाळा म्हणाले. मी तीस वर्षांची आहे.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्या आईचा फोन आला. बाळाला देखरेखीखाली ठेवलं होतं, श्वास ठीक होता, सलाइन लावताना सुई टोचली तेव्हा सणसणीत रडलं. "डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन चमचे गेले असते तर..." ताईंनी फोन ठेवला, आत जाऊन तोंड धुतलं, बाहेर आल्या.

"सहावी," त्या म्हणाल्या.

सहाव्या बिलावर नंबर नव्हता. नाव नव्हतं. तारीख गेल्या शुक्रवारची, वेळ अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. एक सिरप, एक चष्म्याची दोरी.

चष्म्याच्या दोरीवरून ताईंना आठवलं. "एक आजोबा होते. लोकरीची टोपी, निळा स्वेटर कोपरावर शिवलेला. चष्म्याची एक काडी मोडलेली, दोऱ्याने बांधली होती. बाटलीच्या झाकणावरच्या खुणा दिसत नाहीत म्हणाले, मी पेनाने एक ठळक रेघ मारून दिली. नातवाला सर्दी झालीय म्हणाले. लेक-जावई दिवसभर कामावर, नातू ह्यांच्याकडेच."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, झोपत नाही हो दुपारचा. मला पण पडू देत नाही." ताईंनी ते बिल पुन्हा वाचलं. "मी म्हटलं, हे दिल्यावर झोपेल जरा. हसून म्हटलं गं मी."

त्या दिवशी आम्ही दुकान लवकर बंद केलं. चिमणीला आईकडे सोडलं. दुकानापासून चालत येता येईल अशा प्रत्येक गल्लीत गेलो. ताई एका बाजूने, मी दुसऱ्या. इमारतींच्या पहारेकऱ्यांना विचारलं, दुधाच्या दुकानात विचारलं, चष्म्याच्या दुकानात तर दोनदा विचारलं, कारण मोडकी काडी कधीतरी जोडायला येतीलच. बागेतल्या बाकांवर लोकरीच्या टोपीचे चार आजोबा भेटले. एकाने सांगितलं, नातवंडं परदेशात आहेत. एकाला ऐकू येत नव्हतं, तो आमच्याकडे बघून नुसता हसत राहिला, आणि मी त्याच्या शिवलेल्या कोपराकडे बघत राहिले, पण स्वेटर तपकिरी होता.

औषध खात्याला कळवलं. आसपासच्या सगळ्या दवाखान्यांना फोन केले, बालवाड्यांना चिठ्ठ्या दिल्या. दुकानाच्या दारावर, बसथांब्यांवर, जिन्यांच्या खाली मोठ्या अक्षरांत कागद लावले. मोठ्या अक्षरांत, कारण त्यांना दिसत नाही.

आज शनिवार. रोज सव्वासहाला मेल येतो, आकडा मी दोनदा वाचते, मग सात वाजेपर्यंत तो दुसरा मेल येत नाही ना ते बघत बसते. स्क्रिप्ट व्यवस्थित चालते. पाचवं बाळ घरी आलं. सहावी बाटली सापडलेली नाही. तिच्यातलं औषध जास्त तीव्र असेलच असं नाही, सगळ्याच बाटल्या तशा नव्हत्या. बाळाला एव्हाना बरं वाटून ती कपाटात पडली असेल. हे मी स्वतःला दिवसातून वीस वेळा सांगते, आणि प्रत्येक वेळी मला त्या आजोबांच्या घरातली दुपार दिसते. खिडकीचा पडदा ओढलेला, पंखा मंद, आजोबा आडवे, शेजारी नातू. घरात अगदी शांत. त्यांना बरं वाटत असणार, की पोर झोपतंय.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत, तुमच्या समोरच्या घरात असे आजोबा असतील. लोकरीची टोपी, निळा स्वेटर, आता कदाचित नवीन दोरी लावलेला चष्मा. दिवसा नातवाला एकटेच सांभाळतात. गुलाबी झाकणाची बाटली असेल, झाकणावर काळ्या पेनाची रेघ. लेबलवरचा नंबर तुम्ही वाचा, त्यांना वाचायला लावू नका. शेवटी चारशे सतरा असेल तर बाटली घेऊन, पोराला घेऊन थेट डॉक्टरांकडे जा. आणि दार उघडल्यावर ते हळूच म्हणाले, की जरा हळू बोला, नातू झोपलाय, तर आत जा, आणि त्याला एकदा नावाने हाक मारून बघा.